"हो म्हणा, सोडून देतील" असं हवालदार सांगतोय, काकांनी कबूल करावं का?

प्रश्न: सर नमस्कार. माझे काका एका पायाने अधू आहेत, वय 58, सिग्नलला पेन विकतात. परवा मोहिमेची गाडी आली आणि भिकारी म्हणून उचलून नेलं. आता भिक्षेकरी स्वीकार केंद्रात आहेत, गुरुवारी तारीख आहे. हवालदार म्हणतो कोर्टात "भीक मागत होतो" असं कबूल करा, समज देऊन सोडतात. काकांनी कधी भीक मागितली नाही. पण लवकर सुटणार असतील तर कबूल करू का? आणि पेन विकणं ही भीक कशी काय?

उत्तर: ताई, अजिबात कबूल करू नका. गुरुवारच्या आत काकांपर्यंत हा निरोप पोचवा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

हवालदार अगदीच खोटं बोलतोय असं नाही, समज देऊन सोडण्याची तरतूद आहे. पण ती मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर आहे, हक्क म्हणून मिळत नाही. 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यात कलम 5 खाली कोर्ट झटपट चौकशी करतं. भीक मागताना सापडला हे पटलं नाही तर लगेच सोडायचं, आणि पटलं तर भिक्षेकरी गृहात कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. हा पुन्हा भीक मागणार नाही असं वाटलं तरच बंधपत्रावर सोडता येतं. म्हणजे काकांनी "हो" म्हटलं की चौकशी तिथेच संपते, आणि वर्षभर आत जायचं की घरी, एवढाच निर्णय उरतो, तोही दुसऱ्याच्या हातात. त्यात एकदा आत ठेवलं गेलं आणि नंतर परत पकडले गेले तर कलम 6 लागतं, दोन ते तीन वर्षं, आणि त्यानंतरही सापडले तर दहा वर्षं. होय, दहा. पेन घेऊन सिग्नलला उभं राहणाऱ्या माणसासाठी.

आता पेन विकणं भीक कशी. ह्या कायद्याची व्याख्या भयंकर पसरट आहे. सार्वजनिक जागी भीक मागणं किंवा नुसती घेणंसुद्धा आलं, मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं किंवा वस्तू विकायला पुढे करणं अशा कुठल्याही बहाण्याने असो. वासुदेव, नंदीबैलवाला, कडकलक्ष्मी सगळे ह्यात बसू शकतात, ज्यांना आपण लोककला म्हणून स्टेजवर बोलावून शाल घालतो. पुढे अजून एक पोटकलम आहे, उदरनिर्वाहाचं दिसण्यासारखं साधन नाही आणि माणूस अशा अवस्थेत फिरतोय की भिकेवर जगत असावा असं वाटतं, तरी तो भिकारी. म्हणजे हात पुढे केलाच पाहिजे असंही नाही, मळके कपडे आणि पोलिसाचा अंदाज पुरतो.

पण तुमची केस ह्याच ठिकाणी लढता येते. वस्तू विकणं हा बहाणा असेल तरच ती भीक, खरी विक्री असेल तर नाही. म्हणून गुरुवारी कोर्टासमोर विक्री दिसली पाहिजे. काका पेन कुठल्या होलसेलवाल्याकडून घेतात? त्याच्याकडून बिल घ्या, कच्चं असेल तरी आणा, नाहीतर त्यालाच साक्षीला यायला सांगा. काकांकडे क्यूआर कोड असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा, त्यात दहा-वीस रुपयांच्या नोंदींची रांग दिसेल आणि असा पुरावा खोडून काढणं अवघड असतं. सिग्नलजवळचा एखादा टपरीवाला रोज बघत असेल तर त्याला विचारा. रेशनकार्ड, राहत्या जागेचा पुरावा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र हेही सोबत ठेवा म्हणजे "साधन नाही"वाला मुद्दा पण उडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोलिसांच्या कागदात पेनांची नोंद आहे का ते वकिलाला बघायला सांगा. मोहिमेच्या दिवशी बऱ्याच जणांचे कागद एकदम होतात, मजकूर सगळ्यांचा जवळजवळ सारखाच असतो, अंगझडतीत "सुटे पैसे" लिहिलेले असतात आणि पेनांचा गठ्ठा मात्र कुठेच नसतो. तसं असेल तर पेन गेले कुठे हा पहिला प्रश्न. कोणी म्हणेल फेरीवाल्याचं लायसन कुठे आहे, तर त्याचं उत्तर 2014 च्या पथविक्रेता कायद्यात आहे, प्रमाणपत्र नसणं ही महापालिकेशी संबंधित वेगळी भानगड आहे, त्याने माणूस भिकारी ठरत नाही.

एक गोष्ट काकांना एकट्यात खरं खरं विचारा. पाय बघून लोक पेन न घेताच पैसे देतात का, आणि काका ते घेतात का? घेत असतील तर व्याख्येतला "घेणं" शब्द अडचणीचा आहे आणि तुमचा बचाव थोडा लंगडा पडतो. तेव्हा वकिलाने आधी विक्रीचा मुद्दा घ्यावा, आणि तो नाहीच मान्य झाला तर बंधपत्रावर सोडण्याची मागणी करावी. घरी सांभाळायला माणसं आहेत हे दाखवायला तुम्ही स्वतः कोर्टात उभ्या राहा. कबुली देऊन दया मागणं आणि लढून शेवटी बंधपत्र मागणं ह्यात फार फरक आहे.

"दिल्लीत हा कायदा रद्द झालाय ना" असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. बरोबर आहे. हाच मुंबईचा कायदा दिल्लीला लावलेला होता आणि ऑगस्ट 2018 मध्ये हर्ष मंदर यांच्या याचिकेवर दिल्ली हायकोर्टाने भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. पुढच्या वर्षी जम्मू-काश्मीर हायकोर्टाने तिथला कायदाही रद्द केला. पण दिल्लीचा निकाल दिल्लीपुरता, आपल्या मॅजिस्ट्रेटवर तो बंधनकारक नाही, त्यामुळे फक्त त्यावर विसंबू नका, वकिलाला जोडीला वापरू द्या.

माझं मत विचाराल तर आपल्याकडेही हा कायदा जायलाच हवा. सरकारने अन्न, निवारा, काम दिलं नाही म्हणून माणूस रस्त्यावर आला, आणि रस्त्यावर दिसला हाच त्याचा गुन्हा, हे कुठल्याच तर्कात बसत नाही. "मग टोळ्यांचं काय" हा ठरलेला प्रश्न येतो. मुलांना पळवून किंवा अपंग करून भीक मागायला लावणाऱ्यांसाठी भारतीय न्याय संहितेत कलम 139 आहे, बाल न्याय कायद्यात वेगळी शिक्षा आहे, आणि दिल्लीच्या निकालानेही दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा देणारं कलम 11 तसंच ठेवलं. टोळीवाल्यासाठी काकांना आत टाकायची गरज नाही, आणि मोहिमेच्या गाडीत टोळीवाला सापडला असं मी तरी अजून बघितलेलं नाही. 2021 मध्ये सिग्नलवरून भिकाऱ्यांना हटवा अशी मागणी सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा कोर्टाने ती ऐकली नाही, दुसरा मार्ग असता तर कोणी भीक मागितली नसती असाच त्याचा सूर होता.

वकिलाची फी जमत नसेल तर 15100 वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. उद्याच जा, गुरुवारी सकाळी कोर्टात गेल्यावर वकील शोधाल तर तो फाईल न वाचताच उभा राहील. आणि समजा आदेश विरोधात गेलाच तर त्याच दिवशी प्रत मागा, अपिलासाठी हा आदेश तुरुंगाच्या शिक्षेसारखाच धरतात, सेशन्स कोर्टात तीस दिवसांत अपील टाका आणि सोबत आदेशाला स्थगितीचा अर्जही द्या.