उत्तर न देता गायब झाल्यावर मित्राला पहिला मेसेज

प्रश्न: ४ वर्षांपूर्वी मी एका जवळच्या मित्राच्या मेसेजला उत्तरं देणं बंद केलं. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. आता बोलावंसं वाटतं, पण लिहायला बसलो की माफीचा निबंधच होतो. नेमकं काय लिहू?

उत्तर:

मी हे केलंय, दोन्ही. आधी गायब झाले आणि मग ३ वर्षांनी लिहिलं. त्यामुळे माझंच सांगते, त्यातून तुम्हाला काय घ्यायचं ते घ्या.

कॉलेजला असताना पुण्यात कर्वेनगरला आम्ही दोघी एका रूमवर ४ वर्षं राहिलो. नंतर ती नोकरीसाठी बंगलोरला गेली, मी पुण्यातच राहिले, रोज बोलणं व्हायचं. २०२० मध्ये माझी नोकरी गेली आणि मी कुणालाच सांगितलं नाही, तिलाही नाही. ती विचारायची काय चाललंय, मी म्हणायचे मस्त. मग खोटं बोलायला नको म्हणून उत्तर उद्या देऊ असं करत गेले. २०२१ च्या सुरुवातीला तिच्या लग्नाची पत्रिका आली व्हॉट्सॲपवर, खाली लिहिलं होतं, "तू दोन दिवस आधी यायचंयस हां." मी ते वाचलं, तिकीट पाहिलं, पैसे नव्हते, आणि फोन उलटा करून ठेवला. लग्न झालं. त्यानंतर तिचे ३ मेसेज आले, शेवटचा होता, "माझं काही चुकलं का गं?" त्यालाही मी उत्तर दिलं नाही.

तो शेवटचा मेसेज नीट वाचा, कारण माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे. आपल्याकडे अबोला असतो, त्यात दोघांनाही माहीत असतं की कशावरून बिनसलंय. इथे तसं नसतं, समोरच्याला कारणच माहीत नसतं, मग तो स्वतःमध्ये शोधायला लागतो. मैत्रिणीने मला नंतर सांगितलं की तिने आमचं ६ महिन्यांचं चॅट वर वर जात परत वाचलं होतं, कुठे काय लागलं असेल मला म्हणून. मी वाईट आहे की चांगली हा प्रश्न तिला पडलेलाच नव्हता, तिला फक्त तिची चूक शोधायची होती आणि ती सापडत नव्हती.

म्हणून तुमच्या मेसेजमध्ये सॉरीपेक्षाही जड दोन वाक्यं आहेत. एक, तुझे मेसेज मी वाचले होते. दुसरं, तुझं काही चुकलं नव्हतं. पहिल्याने पळवाट बंद होते (फोन बदलला, नंबर गेला, खूप बिझी होतो, ह्या सगळ्या), आणि दुसऱ्याने त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. माफीचा निबंध होतो तेव्हा ही दोनच वाक्यं नेमकी त्यात हरवतात.

माझा पहिला ड्राफ्ट फोनच्या नोट्समध्ये अजून आहे, साडेचार स्क्रीन भरेल एवढा. मी किती नालायक आहे, मी मैत्रिणीच्या लायकीची नाही, रोज रडते, तू मला कधीच माफ करू नकोस, असं सगळं. लिहिताना खूप प्रामाणिक वाटलं. दोन दिवसांनी वाचलं तेव्हा कळलं की ह्याला ती काय उत्तर देणार? "अगं नाही गं, असं नको म्हणूस" एवढंच देऊ शकते. म्हणजे जिला मी दुखावलं तिनेच माझे डोळे पुसायचे, आणि तिला राग आला असेल तर तो काढायला जागाच नाही, कारण मीच स्वतःला एवढं मारून घेतलंय की वरून आणखी कोण मारणार.

२०१६ मध्ये रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा माफीवरचा एक अभ्यास आला होता, त्यांनी माफीचे ६ भाग करून लोकांना कुठला जास्त पटतो ते बघितलं. सगळ्यात वजन "चूक माझी होती" ह्या सरळ कबुलीला मिळालं, त्याखालोखाल झालेलं भरून काढायच्या तयारीला, आणि सगळ्यात कमी "मला माफ कर" ह्या विनंतीला. त्यातले प्रसंग ऑफिसच्या कामातल्या चुकीचे होते, मैत्रीचे नव्हते, त्यामुळे जसंच्या तसं लावू नका, पण माझ्या ड्राफ्टमध्ये "माफ कर" ९ वेळा होतं आणि "तुझी पत्रिका मी वाचली होती" एकदाही नव्हतं, हे मात्र मी मोजून बघितलं.

शेवटी जो पाठवला तो असा होता:

"हाय, मी बोलतेय. बऱ्याच वर्षांनी लिहितेय, काही काम नाहीये. तुझी लग्नाची पत्रिका आणि नंतरचे तिन्ही मेसेज मी तेव्हाच वाचले होते आणि उत्तर दिलं नाही. तुझं काहीही चुकलं नव्हतं. गप्प मी बसले आणि ते चूक होतं, सॉरी. गेल्या रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून दोन मुली किटलीत मॅगी करायचं बोलत होत्या आणि तू आठवलीस. तुला बोलावंसं वाटलं तर मला खूप आवडेल. नाही वाटलं तरी ठीक आहे, मी परत परत मेसेज करणार नाही."

ह्यात "काही काम नाहीये" का आहे ते सांगते. आपल्याकडे ५ वर्षांनी कुणाचा नुसता "हाय, कसा आहेस" आला की पहिला विचार येतो की पैसे हवेत, किंवा पॉलिसी विकायचीय, किंवा नंबर हॅक झालाय. त्यामुळे नुसता "हाय" पाठवून वाट बघू नका. त्याने समोरच्यावरच काम पडतं, तो "बोल ना" म्हणेपर्यंत तुम्ही काहीच कबूल केलेलं नसतं. सगळं एकाच मेसेजमध्ये जाऊ द्या. आणि त्याचे पैसे खरंच तुमच्याकडे राहिले असतील तर ते आधी परत करा आणि तसं त्यातच लिहा, नाहीतर बाकी सगळं पोकळ वाटेल.

मॅगीचं वाक्य पण मुद्दाम ठेवलं, कारण नुसती कबुली वाचायला कोरडी लागते आणि आत्ताच का लिहितेय हे तिला कळायला हवं होतं. पण एकच आठवण. मी आधी चार लिहिल्या होत्या, त्या वाचून असं वाटत होतं की जुन्या दिवसांची भुरळ घालून वेळ मारून नेतेय.

कारण मात्र मी लिहिलं नाही, नोकरी गेली होती वगैरे. ह्यावर लोकांचं वेगळं मत असेल, पण पहिल्याच मेसेजमध्ये कारण आलं की ते सफाई दिल्यासारखं वाचलं जातं, मग वाचणाऱ्याला लगेच दया तरी दाखवावी लागते नाहीतर वाद तरी घालावा लागतो. त्याने विचारलं तर सांगा, दोन-तीन वाक्यांत, आणि खरं असेल तेवढंच.

पाठवताना काही गोष्टी सांभाळा. दिवाळीला किंवा त्याच्या वाढदिवसाला पाठवू नका, फॉरवर्ड शुभेच्छांच्या ढिगात जातो आणि उत्तर देणं त्याला रीत म्हणून भाग पडतं. व्हॉइस नोट नको, ती ऐकायला एकांत लागतो आणि तुमचा कापरा आवाज परत तेच निबंधाचं काम करतो. कॉमन मित्राला मध्ये घालू नका. आणि एकदा पाठवला की डिलीट करू नका, "This message was deleted" असं तिथे दिसत राहतं आणि तुम्ही परत गायब झालात असंच त्याला वाटणार.

हे सगळं कळूनही मी ८ दिवस पाठवला नव्हता. लारा ॲक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम ह्यांचा २०२४ चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांनी जुन्या मित्राला मेसेज लिहूनसुद्धा एक तृतीयांशापेक्षा कमी जणांनी प्रत्यक्ष पाठवला. मग त्यांनी काही लोकांना आधी ३ मिनिटं सध्याच्या मित्रांना साधे मेसेज पाठवायला लावले, आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त जणांनी जुन्या मित्राला पाठवला. ते मित्र नुसते दुरावलेले होते, आपल्यासारखं गायब झालेलं प्रकरण तिथे नव्हतं, तरी मी तेच केलं. शनिवारी दुपारी आधी मावसबहिणीला, मग ऑफिसमधल्या एकीला काहीतरी पाठवलं आणि त्याच हाताने हा.

दोन निळ्या टिक तासाभरात आल्या. उत्तर दोन दिवसांनी आलं, "वाचलं. मला अजून राग आहे. थोडा वेळ दे." इथे माझ्या हातून घोळ होणार होता, मी लगेच परत मोठं लिहायला घेतलं होतं. ते पुसलं आणि "हो, घे" एवढंच पाठवलं. ११ दिवसांनी तिचा फोन आला. आधी ती बरंच बोलली, त्यात "लग्नाच्या दिवशी पण मी दाराकडे बघत होते" हे होतं, आणि मी मध्ये बोलले नाही. मग तिने विचारलं, का? मी सांगितलं की नोकरी गेली होती, लाज वाटत होती, आणि जितके दिवस जात गेले तितकं अवघड होत गेलं. ती म्हणाली, एवढंच? आणि मग बराच वेळ गप्प. मला वाटतं, तेवढ्यासाठी तिने स्वतःत एवढं शोधलं ह्याचं तिला तेव्हा जास्त लागलं.

तुमच्याकडे असंच होईल असं नाही. निळ्या टिक येऊन काहीच येणार नाही, असंही होईल, आणि मग तेच उत्तर समजा, "मिळाला का मेसेज" असं विचारू नका. एकच टिक राहिली आणि डीपी दिसत नसेल तर ब्लॉक केलं असेल किंवा नंबर बदलला असेल, बाहेरून नक्की कळत नाही. ब्लॉकची शंका असेल तर दुसऱ्या नंबरवरून किंवा इन्स्टावरून गाठू नका. आणि त्याने तुम्हाला त्रास दिला म्हणून तुम्ही गप्प झाला असाल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही, तिथे "तुझं काही चुकलं नव्हतं" लिहायचं कारण नाही.

आम्ही दोघी आता महिन्या-दीड महिन्याने बोलतो, रोज नाही. मी उत्तर द्यायला उशीर केला की ती अजूनही विचारते, "आहेस ना?" मी असेन तिथून, मीटिंगमध्ये असले तरी, "आहे, रात्री बोलते" एवढं लिहून टाकते.