स्वस्त फिलामेंटसाठी बांगड्या गहाण?

वाचकाचे पत्र: मालवणला पर्यटकांसाठी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या लहान प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर छापून विकतो. महिन्याला पीएलए प्लास्टिकच्या तारेची तीनेक रिळं लागतात. नेहमीचं एक किलोचं रीळ ९५० रुपयांना मिळतं, लांबी ३३५ मीटर. नव्या ब्रँडवर ३७० मीटर लिहिलंय आणि ५० रिळं एकदम घेतली तर ८५० ला देतात. नमुन्याचं रीळ काट्यावर ठेवलं, बरोब्बर एक किलो भरलं. बायकोच्या बांगड्या तारण ठेवून मे महिन्यात ४२,५०० चा माल उचलावा म्हणतो. भाव मीटरवर धरू की किलोवर?

उत्तर: दोन्ही ब्रँड पीएलएचेच असतील तर निव्वळ किलोवर धरा. पीएलएची एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकशी तुलना असेल तर मीटरवर, कारण एबीएस हलकं असतं, त्याच्या किलोत ४०० मीटर बसतात आणि तोच किल्ला छापायला दोन्हींची तार साधारण सारखीच जाते.

पण तुमच्या पत्रातलं मला सर्वांत खटकलेलं वाक्य आहे ते 'बरोब्बर एक किलो भरलं' हे. ते वजन रिळासकट आहे. टोपलीसकट बांगडे तोलून कोणी भाव लावला तर तुम्ही तो घ्याल का? रिकामं रीळ साधारण १५० ते २५० ग्रॅमचं असतं. २०० धरा. म्हणजे तार उरली ८०० ग्रॅम. खऱ्या एक किलोच्या मालाचं रीळ काट्यावर बाराशे ग्रॅमच्या आसपास दिसायला हवं. नेहमीच्या ब्रँडचं न फोडलेलं रीळ ठेवून पाहा, फरक लगेच कळेल.

आता मीटर काढू. १.७५ मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेत २.४ घनसेंटिमीटर प्लास्टिक असतं. पीएलएची घनता घनसेंटिमीटरला १.२४ ग्रॅम, म्हणून मीटरला जवळजवळ ३ ग्रॅम आणि किलोला ३३५ मीटर. तुमच्या ८०० ग्रॅमचे झाले २६८ मीटर. ८५० रुपयांत २६८ मीटर म्हणजे मीटरला ३ रुपये १७ पैसे, जुना ब्रँड २ रुपये ८४ पैशांना पडतो. म्हणजे सवलतीचा माल बारा टक्के महाग आहे.

३७० मीटरच्या छापील आकड्याला तर काहीच आधार नाही. पूर्ण एक किलो पीएलए दिलं तरी ३७० मीटर भरायला तार १.६७ मिलिमीटर इतकी बारीक हवी. अशी तार जास्त मिळाल्याने फायदा काय? प्रिंटरला सूचना देणारा स्लायसर प्रोग्राम तिला १.७५ चीच समजून चालतो, त्यामुळे प्लास्टिक दहा टक्के कमी पडतं, थरांत फटी राहतात, बुरुज हातात तुटतो. मग तुम्ही फ्लो, म्हणजे तार सोडण्याचं प्रमाण, ११० टक्के करणार आणि ३७० मीटरचं काम पुन्हा ३३५ मीटरइतकंच होणार. विक्रेता लांबी मोठ्या अक्षरांत सांगतो आणि निव्वळ वजन व जाडी सांगत नाही, तेव्हा तिथेच थांबायला हवं. दहा मीटर तार कापून तोला. तीसेक ग्रॅम भरायला हवी. सत्तावीस भरली तर कॅलिपरने पाच-सहा ठिकाणी, दर ठिकाणी आडवी आणि उभी जाडी मोजा. जाडी कमी निघाली तर कारण सापडलं. जाडी १.७५ च असेल तर ते साधं पीएलए नाही.

राहिल्या बांगड्या. समजा माल अगदी प्रामाणिक, पूर्ण किलोचा आहे. तरी रिळामागे १०० रुपये, पन्नास रिळांवर ५,००० वाचतात. ४२,५०० वर बारा टक्क्यांनी वर्षाचं व्याजच ५,१०० होतं. आणि महिन्याला तीन या हिशेबाने पन्नास रिळं संपायला सतरा महिने लागतील. विक्री वाढेल या आशेवर तारण ठेवू नका. जूनपासून किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक कमी, त्या महिन्यांत तीन रिळं तरी खपतील का हे स्वतःला विचारा. व्याज मात्र चालूच राहील. त्यात कोकणातला पावसाळा. उघड्यावर राहिलेलं पीएलए दमट होतं, छापताना नोझलमधून चटचट आवाज येतो, तंतू सुटतात, तार ठिसूळ होऊन प्रिंटरच्या नळीत तुटते. वाळवता येतं, ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास, पण पन्नास रिळं वाळवायला वीज आणि वेळ तुमचाच जाणार.

जुन्याच ब्रँडची सहा रिळं रोखीने घ्या आणि सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. नमुना परत करताना विक्रेत्याकडे रिळाशिवायचं वजन आणि जाडीतली कमाल तफावत लेखी मागा. ±०.०३ मिलिमीटर लिहून दिलं आणि भाव खरोखर निव्वळ किलोला ८५० असला, तर गणपतीनंतर त्याच्याकडून दोन रिळं घेऊन पाहा, तीही विक्रीच्या पैशांतून.