जुन्या मराठी मथळ्याचा टाईप कसा ओळखायचा: ल, श आणि शिरोरेषेतल्या फटी

प्रश्न: १९६९ च्या महापुराच्या वेळच्या नाशिकच्या एका वर्तमानपत्राचा स्कॅन माझ्याकडे आहे. मथळा आहे ‘गोदेला महापूर, नाशिक जलमय’. हा फॉन्ट कोणता? एक जण ‘योगेश’ म्हणतो.

उत्तर: योगेश नक्की नाही. तो संगणकावरच्या जुळणीच्या काळातला, १९६९ मध्ये तो नव्हताच. हा शिशाच्या खिळ्यांनी हाताने जुळवलेला, मुंबई वळणाचा ठळक टाईप आहे. त्याला फॉन्टसारखं नाव असेलच असं नाही. ओतशाळांच्या नमुनापुस्तिकांत मथळ्याचे टाईप बऱ्याचदा पॉइंट आणि ‘ठळक’ एवढ्यावरच ओळखले जायचे.

आधी हा टाईप आहे की चित्रकाराने काढून ब्लॉक केलेली अक्षरं, हे ठरवायला हवं, कारण त्या काळी मोठे मथळे दोन्ही तऱ्हांनी होत. त्यासाठी तुमच्या मथळ्यात चांगली सोय आहे: म दोनदा आला आहे आणि ल सुद्धा. दोन्ही म एकावर एक ठेवा. कडा थोड्या वेगळ्या दिसतील, कारण शाई पसरते. त्याकडे लक्ष देऊ नका. गाठ कुठे बसते, आडवी रेघ काण्याला किती उंचीवर भिडते, हे बघा. तुमच्या स्कॅनमध्ये दोन्ही जागा तंतोतंत जुळतात. हाताने काढलेलं अक्षर इतकं जुळत नाही.

आता शिरोरेषा मोठी करून बघा. ‘जलमय’मध्ये ज आणि ल यांच्या मध्ये केसाएवढी फट आहे, आणि ल ची रेघ ज च्या रेघेपेक्षा किंचित खाली बसली आहे. शेजारी ठेवलेले दोन सुटे खिळे पूर्ण सपाट बसले नाहीत की असं होतं. फोटो-जुळणीत किंवा संगणकात शिरोरेषा सलग येते. ‘दे’ची मात्राही रेघेपासून जराशी सुटली आहे. यावरून जुळणी डिग्री पद्धतीची दिसते, म्हणजे मात्रा वेगळ्या छोट्या खिळ्यावर असते आणि अक्षराच्या डोक्यावर बसवतात. अखंड पद्धतीत ‘दे’ एकाच खिळ्यावर ओतलेला असतो, तिथे ही फट येणार नाही.

आता अक्षरांची वळणं. इथे ल आणि श सगळ्यात जास्त सांगतात. तुमचा ल पाकळीयुक्त आहे, म्हणजे डावीकडे दोन गोल पाकळ्या आणि त्यातून निघालेली रेघ काण्याला भिडते. श देठयुक्त आहे. हिंदी छपाईत दंडयुक्त ल आणि गाठयुक्त श दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श पुन्हा ठरवून दिले, ते हेच रूप. निर्णयसागर आणि गुजराती टाईप फाउंड्रीसारख्या मुंबईच्या ओतशाळांच्या परंपरेतलं हे वळण आहे. पण एवढ्यावरून एखाद्या ओतशाळेचं नाव ठोकून देऊ नका; ल चा आकार त्या सगळ्यांकडे जवळपास सारखाच होता.

आकाराचा हिशोब सोपा आहे. ‘शि’च्या वेलांटीच्या माथ्यापासून ‘पू’च्या उकाराच्या तळापर्यंत साधारण २०० पिक्सेल भरतात. स्कॅन ३०० डीपीआयचा आहे आणि ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, तेव्हा हा ४८ पॉइंटच्या आसपासचा टाईप ठरतो. मात्र स्कॅन मायक्रोफिल्मवरून केला असेल तर डीपीआयवर विसंबता येत नाही, हे आकडे सोडून द्या. जाडीवरूनही फार काही ठरवू नका. वर्तमानपत्राच्या कागदावर बारीक रेघ जाड रेघेपेक्षा प्रमाणात जास्त फुगते, त्यामुळे मुळात नाजूक असलेला टाईपही ठळक वाटतो.

नेमकी ओतशाळा शोधायची असेल तर या मथळ्यातली अक्षरं पुरणार नाहीत. अ, झ, ण आणि ५, ८, ९ हे आकडे हवेत, कारण मुंबई आणि कोलकाता वळणांतला फरक त्यांच्यातही स्पष्ट दिसतो, आणि एका ओतशाळेचा टाईप दुसरीपासून वेगळा काढायलाही जास्त अक्षरं लागतात. छापखाना तेच खिळे वर्षानुवर्षं वापरायचा. म्हणून त्याच वर्तमानपत्राचे १९६७ ते १९७१ चे इतर अंक काढून बघा, पहिलं पान आणि जाहिराती विशेषतः. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या अंकांची चौकशी करा. ते १८४० पासूनचं आहे. एखाद्या म चा तुटलेला कोपरा दोन वेगळ्या तारखांच्या मथळ्यांत सापडला, तर दोन्हीकडे तोच खिळा आहे असं खात्रीने म्हणता येईल.

आज तसाच फॉन्ट हवा असेल तर जुळवून बघताना एक काळजी घ्या. बऱ्याच युनिकोड फॉन्टांत मराठी ल आणि श आत असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत, आणि माणूस ‘हा फॉन्ट जुळत नाही’ म्हणून बाजूला ठेवतो. आधी असं करून बघा:

```html
<h1 lang="mr">गोदेला महापूर, नाशिक जलमय</h1>
```

यानंतरही ल हिंदी वळणाचाच आला, तर तो फॉन्ट यादीतून काढा.