अकरा कामांपेक्षा एक झाकण

प्रश्न : मी प्रॉडक्ट डिझाइनच्या पदवीसाठी अर्ज करते आहे. पोर्टफोलिओत अकरा कामं आहेत. अर्जात ‘आपल्या कामाविषयी 300 शब्दांत लिहा’ असा रकाना आहे. त्यात मी सगळ्या कामांची नावं, साहित्य आणि सॉफ्टवेअर लिहिलंय, तरी शब्द पुरत नाहीत. काय गाळू? सोबत पीडीएफ आणि स्केचबुकची काही पानं जोडली आहेत.

उत्तर : दहा कामं गाळ. पोर्टफोलिओतून नव्हे, फक्त या रकान्यातून. 300 शब्द अकरांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 27 येतात, आणि तेवढ्यात नाव आणि साहित्य यापलीकडे काही मावत नाही. तेवढं तर चित्राखालच्या ओळीतही असतं. चित्रातून जे कळत नाही, ते इथे लिहायचं : समोर दोन-तीन वाटा असताना तू हीच का धरलीस?

त्यासाठी सगळ्यात देखणं काम निवडू नकोस. ज्याचे नाकारलेले नमुने, खाडाखोड केलेली स्केचेस शिल्लक आहेत, ते निवड. तुझ्याकडे ते आहे. पीडीएफच्या सातव्या पानावर आठवड्याच्या गोळ्यांची डबी आहे आणि खाली लिहिलंस, ‘युजर-फ्रेंडली पिल बॉक्स, फोमबोर्ड’. ही ओळ जगातल्या कुठल्याही डबीला चालेल. पण कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढ्या फोटोत बिजागरीच्या सात झाकणांची जुनी डबी दिसते, आणि स्केचबुकात त्याच डबीशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, ‘आजोबांचं नख खाचेत जात नाही.’ अर्ज इथून सुरू व्हायला हवा.

तुझ्या पानांवरून मला प्रसंग असा दिसतो. पहिल्या डबीचं झाकण नखाने उचलावं लागत होतं आणि ताठरलेल्या बोटांना ते जमेना. मग तू झाकणाची कड पुढे काढून पाहिलीस. पकड मिळाली, पण झाकणं इतकी जवळ होती की एक उघडताना शेजारचंही उघडायचं. कप्पे लांब करावेत तर डबी खिशात मावेना. शेवटी तू सातही कप्प्यांवर एकच सरकतं झाकण केलंस. ते अंगठ्याच्या पेराने ढकलता येतं, नख लागतच नाही.

आता खरी मेख. सरकत्या झाकणात शनिवारपर्यंत पोचायचं तर आधीचे सगळे कप्पे उघडे पडतात. हा दोष वाटतो, पण त्या दिवसांच्या गोळ्या घेऊन झालेल्या असतात, म्हणून ते कप्पे रिकामेच असतात. मंगळवारची गोळी राहिली असेल तर ती समोर दिसते, मात्र डबी तिरकी झाली की सांडतेही. हे तुझ्या मसुद्यात कुठेच नाही. या निर्णयात काय गमावलं ते तूच लिही. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा तिथेच येईल, आणि लपवलेला दोष दुसऱ्याने काढला की उत्तर सुचत नाही.

300 शब्दांपैकी निम्म्याहून जास्त जागा दोन नाकारलेल्या पर्यायांना आणि ते कशामुळे नाकारले याला दे. शेवटचा पर्याय आणि त्याची किंमत उरलेल्या जागेत बसते. ‘सोपं’, ‘आकर्षक’, ‘मिनिमल’ हे शब्द आले की थांब आणि विचार : कुणासाठी सोपं, आणि हे मी कशावरून म्हणते? उत्तर ‘आजोबांना तीन नमुने हातात देऊन पाहिलं’ असं असेल तर तेच लिही. एकाच माणसावर पाहिलं असेल तर ‘एकाच माणसावर’ असंही लिही.

एक धोका सांगून ठेवतो. निर्णयाची कारणं मागाहून रचण्याचा मोह होतो. फोमबोर्ड घरात होता म्हणून वापरला असेल, तर त्यामागे तत्त्वज्ञान उभं करू नकोस. ‘हाताशी होता, पटकन कापता येत होता, म्हणून एका दिवसात दुसरा नमुना करता आला’ हे कारण पुरेसं आहे. डबी गटात केली असेल तर झाकण नेमकं कुणी सुचवलं, तेही स्पष्ट असू दे.

अर्जात प्रत्येक कामाची माहिती सक्तीने मागितली असेल तर तो नियम पाळ. बाकीच्या दहांना चित्राखाली एकेक ओळ दे आणि रकाना डबीसाठीच ठेव.

सातवं पानही बदल. आत्ता तयार डबीने पान भरलंय. तिन्ही नमुने एका रांगेत, सारख्याच आकाराचे ठेव आणि प्रत्येकाला अंगठा लावलेला फोटो घे. नुसत्या डबीच्या फोटोवरून ती किती मोठी आहे आणि जोर कुठे लागतो, हे कळत नाही.