घरगुती पदार्थांच्या पेजचं कॅप्शन छापील न वाटता आपल्या आवाजात कसं लिहायचं?

प्रश्न: "मावशीच्या लोणची-मसाल्यांचं इन्स्टाग्राम पेज मी सांभाळते. कॅप्शन लिहायला बसले की सगळी सारखीच होतात, दुकानाच्या पाटीसारखी. ब्रँडला स्वतःचा आवाज कसा द्यायचा? आणि इमोजी किती वापरावेत?"

उत्तर:

आमच्या घरात याच गोष्टीवरून दोन वर्षं धुसफूस चालली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी वहिनी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आगळ, म्हणजे मिठातला कोकमाचा रस, सोलं, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, आणि थोडी लोणची करून विकते. पेज सुरू केलं तेव्हा दादाने पणजीतल्या एका एजन्सीला तीन महिन्यांचे पैसे देऊन कॅप्शन लिहून घेतली. आगळासाठी त्यांनी दिलेलं कॅप्शन असं होतं:

"खास तुमच्यासाठी घेऊन आलो आहोत उत्कृष्ट दर्जाचं, शंभर टक्के नैसर्गिक कोकम आगळ! आजीच्या हाताची पारंपरिक चव, आता तुमच्या घरी. आरोग्यदायी आणि चविष्ट. आजच ऑर्डर करा!"

यातल्या "कोकम आगळ" या दोन शब्दांवर बोट ठेवा आणि तिथे मध, पापड, खोबरेल तेल, काहीही घालून वाचा. कॅप्शन जसंच्या तसं चालतं. तुमच्या कुठल्याही कॅप्शनवर हे आधी करून बघा. वस्तू बदलूनही जे वाक्य टिकतं ते खोडायचं. या मसुद्यात खोडून झाल्यावर उरलं फक्त "आगळ". दादाला ते कॅप्शन "व्यवस्थित" वाटत होतं. मला त्यात वहिनी कुठेच दिसत नव्हती, आणि भांडण तिथून सुरू झालं.

वहिनीला मात्र वेगळंच खुपलं. तिने कॅप्शन वाचून फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "सासूबाईंनी आयुष्यात आगळ केलं नाही. त्या सोलं करायच्या. आगळ मी माहेरून शिकून आले." म्हणजे त्या सगळ्या कॅप्शनमध्ये खास वाटणारी एकच गोष्ट होती, आजी, आणि तीच खोटी निघाली. खोट्या तपशिलाचं नुकसान लगेच दिसत नाही. कुणीतरी मेसेज करून आजी आगळ कसं करायच्या असं विचारतं, आणि उत्तर द्यायला बसलेल्या बाईकडे सांगायला काही नसतं.

मग मी मे महिन्यात दोन दिवस तिच्याकडे जाऊन राहिले. या कामातला महत्त्वाचा भाग हाच आहे आणि तो लिहायला बसण्याआधीचा आहे. "तुझ्या आगळात विशेष काय?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "सगळं चांगलं असतं" एवढंच येतं. मी मागच्या पडवीत तिच्याबरोबर भिरंडं, म्हणजे कोकमाची ताजी फळं, फोडायला बसले, फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं आणि तीनच गोष्टी विचारल्या. काल दिवसभर काय केलंस? बाटली नेणारे लोक तक्रार कसली करतात? आणि दुसरे करतात पण तू करणार नाहीस असं काय आहे?

पहिल्या प्रश्नातून काम बाहेर आलं. भिरंडं पावसाच्या आत उतरवावी लागतात, कारण पावसात भिजलेलं फळ लवकर कुजतं. फोडलेली फळं आणि मीठ बरणीत थरावर थर देऊन ठेवायची, रोज लाकडी पळीने वरखाली करायची, सुटलेला रस गाळून बाटलीत भरायचा. बोलताना तिची बोटं नखांपर्यंत जांभळी झाली होती आणि ती पदराला न लागू देता मनगटाने घाम पुसत होती. तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, "रंग घालणार नाही. वर्षभरात आगळ थोडं काळपट होतं. होऊ दे."

पण खरा माल दुसऱ्या प्रश्नात सापडला. लोक फोन करून सांगतात की आगळ खारट आहे. ते बाटली उघडतात, पेल्यात ओततात, पाणी आणि साखर घालून सरबत म्हणून पितात. आगळात मीठ असतं, कारण मिठानेच रस सुटतो आणि मिठानेच तो टिकतो. ते सोलकढीसाठी, आमटीसाठी, माशाच्या कालवणासाठी. सरबताचा कोकम पाक साखरेतला असतो, तो वेगळा. वहिनी दर वेळी फोनवर कोंकणीत एकच वाक्य बोलते: "हें सरबत न्हय, हें आगळ. आदीं चाखून पळयात, मागीर मीठ घालात."

हेच तिचं कॅप्शन होतं. ती ते दोन वर्षं फोनवर बोलत होती आणि आम्ही पैसे देऊन दुसरीकडून लिहून आणत होतो.

माझा पहिला मसुदा असा सुरू होत होता: "हे सरबत नव्हे, आगळ आहे. साखर घालून प्यायलात तर मला फोन करू नका." मला तो ठसकेबाज वाटला. लिहिलेलं मी तिला मोठ्याने वाचून दाखवते, तसं हेही दाखवलं, आणि दुसऱ्या वाक्यावर ती थांबली. "असं मी कुणाला म्हणणार नाही. फोन आला तर मी सांगते की समजावून." ती बरोबर होती. ती स्पष्ट बोलते, पण कुणाला तोडत नाही. ठसका माझा होता, तिच्या तोंडी मी तो घातला होता. आवाज शोधताना बहुतेक जण इथे घसरतात. मालकाच्या बोलण्यातला एक रंग सापडतो आणि लिहिणारा तोच दुप्पट गडद करतो.

पुढे मी "दोन-तीन चमचे आगळ" असं लिहिलं होतं. तिने लगेच विचारलं, "चमचा कुठला?" चहाचा की जेवणाचा, यावर सोलकढी होते किंवा बिघडते. शेवटी कॅप्शन हे ठरलं:

"हे सरबत नव्हे, आगळ आहे.
यात मीठ आहे, साखर घालून पिऊ नका.
एका नारळाचा रस काढा. जेवणाच्या चमच्याने तीन चमचे आगळ घाला, लसणीची एक पाकळी ठेचून टाका. आधी चाखून बघा, लागलं तरच मीठ घाला. गॅसवर ठेवू नका, रस फुटतो.
भिरंडं, म्हणजे कोकमाची ताजी फळं, माझ्या माहेरच्या झाडांची. यंदा साठ बाटल्या झाल्या. संपल्या की पुढच्या मे महिन्यात.
काही अडलं तर फोन करा, मी सांगते."

पहिली ओळ मुद्दाम एवढी आखूड ठेवली आहे. इन्स्टाग्राम लांब कॅप्शन दुमडून ठेवतं आणि उघडल्याशिवाय सुरुवातीचाच तुकडा दिसतो. त्या तुकड्यात "खास तुमच्यासाठी घेऊन आलो आहोत" आलं तर पुढचं कुणी उघडत नाही. "उत्कृष्ट दर्जा" कुठेच नाही, पण "यंदा साठ बाटल्या" वाचून माणसाला कळतं की हे हाताने केलेलं आहे आणि थोडंच आहे. "आजच ऑर्डर करा" असंही लिहावं लागलं नाही.

त्यानंतर मी एका वहीच्या पानावर दोन रकाने केले, वहिनी काय म्हणते आणि काय म्हणत नाही. ती "मी" म्हणते, "आम्ही" म्हणत नाही, कारण काम एकटी करते. "ग्राहक" म्हणत नाही, "बाटली नेणारे" म्हणते. आधी कृती सांगते, मग वस्तूबद्दल बोलते. स्वतःच्या पदार्थाला चविष्ट म्हणत नाही. एवढंच. तुमच्या मावशीचंही असं एक पान करा, आणि त्यात तिच्या तोंडून ऐकलेलंच लिहा. मावशी अबोल असेल तर कॅप्शनही आखूड होऊ द्या. तिला वहिनीसारखं बोलकं करू नका.

आता दादाचं म्हणणं. त्याच्या मते मराठी लिहायची तर शुद्ध लिहावी, मध्येच "भिरंड" घातलं तर पुण्या-मुंबईच्या लोकांना कळणार नाही. गोव्यात मराठी की कोंकणी हा वाद बऱ्याच घरांत आहे आणि तो शब्दांपुरता नसतो हे मला माहीत आहे. पण कॅप्शनपुरतं माझं मत पक्कं आहे. आम्ही वाक्य मराठीत करतो आणि वस्तूला तिच्या गावचं नाव ठेवतो, अर्थ पहिल्यांदा तिथेच सांगून टाकतो. "कोकमाची ताजी फळं" एवढं सांगितलं की पुण्याच्या माणसालाही कळतं. उलट "कोकम फळ" लिहिलं की सत्तरीतल्या बाईचा आवाज जातो आणि पाकिटावरचा मजकूर उरतो. मात्र एका कॅप्शनमध्ये असा एखाद-दुसराच शब्द ठेवते. एकदा सोलांच्या कॅप्शनमध्ये पाच-सहा कोंकणी शब्द घातले, तर नेहमी बाटली नेणाऱ्या एका बाईंनी विचारलं की हे दुसऱ्या कुणाचं पेज आहे का.

फरक पडला की नाही ते मी लाइकवरून ठरवत नाही. त्या हंगामात खारटपणाचे दोनच फोन आले, आधी आठवड्याला एखादा यायचा. लोक आता विचारतात की आमटीत किती घालायचं, पुढचं कधी होणार. प्रश्न बदलले म्हणजे कॅप्शन वाचलं जातंय. दादा अजून म्हणतो की यामागे मोसम चांगला होता. असेल. पण खारट म्हणून येणारे फोन मोसमामुळे थांबत नाहीत.

हे सगळं प्रत्येक पोस्टला करत बसू नका. चतुर्थीच्या शुभेच्छा, भाव बदलला, कुरिअर बंद आहे, असल्या पोस्ट दोन ओळींत साध्या लिहा. आणि "शंभर टक्के नैसर्गिक", "आरोग्यदायी" हे आवाजासाठी नाही तरी कायद्यासाठी काढा. खाद्यपदार्थांच्या जाहिरातीतल्या दाव्यांवर २०१८ चे नियम आहेत, "नैसर्गिक", "शुद्ध", "पारंपरिक" अशा शब्दांनाही त्यात अटी आहेत, आणि ते घरगुती उद्योगाला माफ नाहीत. मसाल्याला आगळासारखा मोसम नसतो, त्यामुळे तुमचं काम थोडं अवघड आहे. तिथे मिरची कुठली, किती भाजली, कुठल्या भाजीत किती घालायचा, यातून तपशील काढा.

इमोजीचं म्हणाल तर, वहिनी व्हॉट्सॲपवर एकच वापरते, जोडलेले हात, तोही पैसे मिळाल्यावर. पेजवरही आम्ही तोच ठेवला आहे आणि बाटल्या संपल्याच्या पोस्टवरच टाकतो. मावशीचे जुने मेसेज उघडून बघा, ती कुठला वापरते आणि कधी.