ओवीची अक्षरं कशी मोजायची आणि ती उद्धृत कशी करायची?

प्रश्न: पसायदानातल्या ओव्यांची अक्षरं मोजली तर प्रत्येक ओळीत वेगळी येतात. माझं मोजायचं चुकतंय, की ओवीला मापच नसतं? आणि लेखात ओवी देताना ओळी कुठे तोडायच्या, क्रमांक कुठला द्यायचा?

उत्तर:

अक्षरं वेगळी येणारच. ज्ञानेश्वरीतल्या ओवीत अक्षरसंख्या ठरलेली नसते, ठरलेली असते ती घडण. चार चरण, पहिल्या तिघांच्या शेवटी यमक, चौथा आखूड आणि त्या यमकातून मोकळा. याच चौथ्या चरणामुळे तिला साडेतीन चरणी ओवी म्हणतात.

मोजायचे नियम थोडेच आहेत. स्वर असलेलं प्रत्येक अक्षर एक. जोडाक्षर कितीही जड असलं तरी एकच. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, मात्रा आणि गण तर विसरूनच जा. 'छंदोरचना' लिहिणारे माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, इथे आमच्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजात फारसी शिकवत. त्यांनी वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग केले आणि ओवी-अभंगांना छंदांत बसवलं, कारण तिथे लघु-गुरूचा भेद चालत नाही, अक्षर मोजलं की झालं.

आता ही ओवी घ्या:

दुरितांचें तिमिर जावो । विश्व स्वधर्मसूर्यें पाहो ।
जो जें वांछील तो तें लाहो । प्राणिजात ॥

पहिला चरण: दु-रि-तां-चें-ति-मि-र-जा-वो, नऊ. दुसरा: वि-श्व-स्व-ध-र्म-सू-र्यें-पा-हो, नऊ. तिसरा: जो-जें-वां-छी-ल-तो-तें-ला-हो, पुन्हा नऊ. चौथा: प्रा-णि-जा-त, चार. जावो, पाहो, लाहो हे यमक, आणि 'प्राणिजात' त्याच्या बाहेर.

बहुतेकांचं गणित चुकतं ते इथेच. आज आपण 'तिमिर्' म्हणतो, 'प्राणिजात्' म्हणतो. बोलण्यावरून मोजलं तर पहिल्या चरणात आठ आणि शेवटच्यात तीनच भरतात. ओवीत शेवटचा 'अ' पूर्ण मोजायचा. 'पसायदान हें' हा चरण म्हणूनच सहा अक्षरांचा, पाचाचा नाही. याउलट 'वाग्यज्ञें' कुणी हलन्त ग् सुटा काढून 'वाग्‌यज्ञें' असं छापलं, तर त्या ग् ला स्वर नाही, तो मोजायचा नाही. कसंही छापा, अक्षरं तीनच: वा, ग्य, ज्ञें.

शेजारचीच दुसरी ओवी मोजा, म्हणजे संख्या कशी हलते ते दिसेल. 'जे खळांची व्यंकटी सांडो' नऊ, 'तया सत्कर्मी रती वाढो' नऊ, 'भूतां परस्परें पडो' आठ, 'मैत्र जीवांचें' पाच. ग्रंथाची पहिली ओवी तर 'ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥' अशी सहा, सहा, आठ, चार. घडण तीच, आकडे निराळे. सहा-सहा-सहा-चार असं काटेकोर माप हवं असेल तर ते मोठ्या अभंगाचं, आणि तिथे यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं असतं: 'सुंदर तें ध्यान । उभें विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां ॥' ओवी आणि अभंग यांत घोटाळा होत असेल तर आधी यमक बघा, आकडे नंतर.

या मोजणीचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी एकनाथांच्या पाच ओव्या छापलेल्या असतात. शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये त्यांनी प्रत शुद्ध केली, त्याची ही नोंद:

शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनामसंवत्सरीं ।
एकाजनार्दनें अत्यादरीं । गीता-ज्ञानेश्वरी प्रति शुद्ध केली ॥

अक्षरं दहा, नऊ, दहा आणि चौथ्यात बारा! यमक तीन चरणांचंच, पण आखूड पडायच्या जागी चौथा चरण सगळ्यांत लांब. आता ज्ञानेश्वरीतली शके १२१२ ची ओवी बघा: 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥' दहा, नऊ, दहा, सहा. पहिले तीन चरण एकाच मापाचे, फरक सगळा शेवटच्या चरणात. 'तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली' हे त्याच पाच ओव्यांतलं आहे, म्हणजे एकनाथांचं, तरी ते ज्ञानेश्वरांच्या नावावर खपवलेलं मी प्रुफांत पाहिलंय. शेवटचा चरण आठ अक्षरांचा निघाला की शंका घ्यायची. अर्थात हा पुरावा नव्हे, नुसता इशारा.

मोजणीला मर्यादाही आहे. 'भूतां परस्परें पडो' आणि 'भूतां परस्परें जडो' असे दोन्ही पाठ ऐकू येतात. अक्षरं सारखीच, यमकही दोघांना बसतं. छंद इथे निवाडा करू शकत नाही. हातातली प्रत उघडायची आणि तिच्यात आहे तेच लिहायचं.

आता अवतरण. चरण तोडायचा तो यमकावर, कागदाच्या रुंदीवर नाही. आषाढीला नंदवाळच्या दिंडीच्या वाटेवर जे फ्लेक्स लागतात, त्यांवर 'भूतां परस्परें' एका ओळीत आणि 'पडो मैत्र जीवांचें' दुसऱ्या ओळीत असं हमखास दिसतं. वाक्य म्हणून कळतं, पण यमकाचा शब्दच पुढच्या चरणात ढकलला जातो आणि ओवी मोडते. जागा कमी असेल तर दोन-दोन चरण एका ओळीत ठेवा, वर ठेवलेत तसे. मधला चरण सोडायचा झाला तर तिथे टिंबं द्या. फक्त पहिले दोन चरण हवे असतील तर शेवटी ॥ देऊ नका, एकच । ठेवा, कारण ओवी तिथे संपलेली नाही.

दंडाच्या जागी कीबोर्डवरची उभी रेघ | टाकू नका. दंडाचं स्वतंत्र चिन्ह आहे, U+0964, आणि दुहेरी दंडाचं U+0965. रेघ वापरली तर नंतर मजकुरात शोधताना अवतरण सापडत नाही.

शब्द आधुनिक करू नका. 'देवा तूंचि गणेशु । सकलमतिप्रकाशु । म्हणे निवृत्तिदासु' यातले उकार काढून 'गणेश, प्रकाश, दास' केलंत तर कागदावर अक्षरं तेवढीच राहतात, पण म्हणताना प्रत्येक चरणाचं शेवटचं अक्षर गळतं आणि यमक लंगडं पडतं. 'दुरितांचें'वरचा अनुस्वारही तुमच्या प्रतीत असेल तर ठेवा.

क्रमांक अध्याय आणि ओवी असा द्या, उदाहरणार्थ १.२, आणि सोबत प्रत सांगा. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत आणि पारायणाला वापरतात त्या सांप्रदायिक प्रती यांत ओव्यांची एकूण संख्याच जुळत नाही. अठरावा अध्याय सर्वांत मोठा, त्यामुळे शेवटी येणाऱ्या पसायदानाचा क्रमांक एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत सरकतो. प्रतीचं नाव न देता नुसता आकडा लिहिलात, तर वाचणारा आपल्या घरच्या पोथीत भलतीच ओवी उघडून बसेल. कुणाच्या लेखातून ओवी उचलत असाल तर तिथला आकडा तसाच घेऊ नका, आपल्या प्रतीत बघून घाला.