‘ऑर्गॅनिक’ हा शब्द आधी वाक्यातून काढा

प्रश्न : आम्ही घरी हाताने ऑर्गॅनिक साबण बनवतो. आता ऑनलाइन विकायचा विचार आहे, पण तिथे असे शेकडो साबण आहेत. पोझिशनिंग स्टेटमेंट कसं लिहायचं? काही साचा आहे का?

साचा आहे आणि तो कुठेही मिळेल: कोणासाठी, कोणत्या अडचणीसाठी, आपली वस्तू काय आहे, कोणाऐवजी घ्यायची आणि का विश्वास ठेवायचा. पाच रिकाम्या जागा. त्या भरायला कोणालाही जमतात. पण बहुतेक जण त्यात ‘निसर्गप्रेमी ग्राहकांसाठी शुद्ध, ऑर्गॅनिक, हाताने बनवलेला, केमिकल-फ्री साबण’ असं भरतात, आणि माझा राग त्यावरच आहे.

आमचा साबण सोलापूरजवळचा. विक्री ऑनलाइन न्यायचं ठरलं तेव्हा माझे धाकटे भाऊजी, जे जाहिरातीच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी जवळपास हेच वाक्य लिहून दिलं. ऐकायला छान होतं. मी मोबाईलवर ‘हँडमेड सोप’ शोधलं आणि वर आलेल्या प्रत्येक साबणाचं नाव त्या वाक्यात घालून त्यांना वाचून दाखवलं. सगळ्यांना ते फिट बसत होतं. भाऊजी म्हणाले, “वहिनी, लोक हेच शब्द शोधतात, ते नसतील तर आपण दिसणारच नाही.” दिसण्यासाठी शब्द हवेत हे मला मान्य आहे. ते शीर्षकात आणि शोधशब्दांत टाका. पण शंभर साबणांतून आपलाच का उचलायचा, हे त्या शब्दांतून कळत नाही, आणि स्टेटमेंट त्यासाठीच असतं.

आम्ही मग उलट्या बाजूने गेलो. पुन्हापुन्हा साबण मागवणारी गिऱ्हाइकं कोण आहेत ते पाहिलं. बहुतेक जण शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांतले निघाले, बोअर नाहीतर टँकरच्या पाण्यावर राहणारे. त्यांच्या तोंडी ‘ऑर्गॅनिक’ फारसं नव्हतं. “फेस येतो हो तुमच्या साबणाला,” असं सांगायचे. दुसऱ्या साबणांखालचे दोन आणि तीन तारेवाले अभिप्राय वाचले, तिथे तीच तक्रार होती: फेस नाही, अंग चिकट राहतं, बादलीवर पांढरा थर बसतो. पाच तारेवाले अभिप्राय वाचण्यात वेळ घालवू नका, त्यात सगळेच खूश असतात.

याचं कारण पाण्यात आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला पकडतं आणि न विरघळणारा चिकट साका होतो. तोच अंगावर आणि बादलीवर बसतो. खोबरेल तेलाच्या साबणात लॉरिक आम्लाचा भाग मोठा असतो. तो पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून थोडा साबण क्षारात वाया गेला तरी फेसापुरता उरतो. पण निव्वळ खोबरेलाचा साबण त्वचा कोरडी करतो. १ किलो खोबरेल पूर्ण साबणात बदलायला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. आम्ही १४६ ग्रॅमच घालतो, म्हणजे साधारण वीस टक्के तेल तसंच राहतं. बहुतेक घरगुती साबणांत ते पाच टक्क्यांच्या आसपास असतं. शिवाय २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालतो आणि ते जितका कॉस्टिक खातं तितका, साधारण १२ ग्रॅम, वरून वाढवतो. त्यातून तयार होणारं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि साका कमी होतो.

आता पाचही जागा भरता आल्या. आमचं स्टेटमेंट असं आहे: ‘बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर अंघोळ करणाऱ्या घरांसाठी, खोबरेल तेलाचा हाताने बनवलेला अंघोळीचा साबण. जड पाण्यातही भरपूर फेस देतो आणि अंगावर चिकट थर कमी ठेवतो. बॉडी वॉशची बाटली न घेता.’

शेवटच्या तुकड्यावर घरात सगळ्यात मोठा वाद झाला. भाऊजींना प्रतिस्पर्धी म्हणून दुसरे हँडमेड साबण हवे होते. पण जड पाण्याला कंटाळलेला माणूस दुसऱ्या वडीकडे वळत नाही, तो बॉडी वॉश घेतो. त्यात साबण नसून वेगळे फेसक असतात, त्यांचा साका होत नाही. त्याच्या डोक्यात आपली तुलना त्या बाटलीशी होते. कारखान्यातल्या स्वस्त वडीशेजारी आमची वडी महाग दिसते, बाटलीशेजारी दिसत नाही. कोणाऐवजी, ही रिकामी जागा भरताना किमतीचाही निर्णय होऊन जातो.

भाऊजींचा दुसरा आक्षेप असा की अर्धं गिऱ्हाईक आपण घालवतोय, मुंबईकर हा साबण का घेईल? मुंबईला तलावांचं मऊ पाणी येतं, तिथल्या माणसाला याची गरज नाही आणि त्याने तो घेऊ नये. घेतला तर “काही विशेष नाही” असा तीन तारेवाला अभिप्राय तोच लिहील.

दाव्याचा पुरावा चित्रातच द्या. दोन सारख्या बाटल्यांत तेच बोअरचं पाणी घ्या, एकीत आपल्या साबणाचा किस, दुसरीत नेहमीच्या साबणाचा तितक्याच वजनाचा किस, सारखं हलवा आणि काही मिनिटांनी फोटो काढा. फेसाची उंची आणि खाली तरंगणारे पांढरे कण लगेच दिसतात. अतिशय जड पाण्यात आपल्या बाटलीतही कण येतात, म्हणून ‘कमी’ लिहा, ‘शून्य’ लिहू नका.

आता ‘ऑर्गॅनिक’बद्दल. ‘जैविक भारत’चं चिन्ह खाद्यपदार्थांसाठी आहे, साबणासाठी नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलेल्या ग्रीनवॉशिंगविरोधी, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या फसव्या दाव्यांविरोधी, मार्गदर्शक सूचनांनुसार नुसतं ‘ऑर्गॅनिक’ किंवा ‘नॅचरल’ लिहून चालत नाही, काय आणि कशावरून ते सांगावं लागतं. तेल प्रमाणित असेल तर ‘प्रमाणित सेंद्रिय खोबरेल’ लिहा आणि कागद जवळ ठेवा. ‘केमिकल-फ्री’ तर लिहूच नका, कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. खरूज-एक्झिमा बरा होतो असंही नको, तो औषधाचा दावा ठरतो. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: आपल्याकडे अंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनात येतो. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. तो नसेल तर स्टेटमेंट नंतर लिहा.

तुमच्याकडे पाणी मऊ असेल तर माझं वाक्य उचलू नका. तुमची पुन्हापुन्हा येणारी गिऱ्हाइकं काय म्हणतात ते काढा. पण वाक्य असं हवं की त्याने रेसिपी बांधली जाईल. २०२५ मध्ये खोबरेलाचे भाव आभाळाला भिडले तेव्हा भाऊजी म्हणाले, निम्मं पाम घाला, कोणाला कळणार आहे? त्यांचं ऑर्गॅनिकवालं वाक्य असतं तर खरंच कोणाला कळलं नसतं. आमच्या वाक्यात मात्र खोबरेल आणि फेस दोन्ही लिहिलेलं होतं आणि बाटल्यांचा फोटो त्याच रेसिपीचा होता. आम्ही किंमत वाढवली, तेल बदललं नाही.